थ्री-बेटसाठी एक्का-पंजी

नो-लिमिट होल्डेममध्ये मोठा ब्लाइंड ही पहिली बेट धरतात. कुणी ती वाढवली की दुसरी, आणि त्यावर पुन्हा चढवलं की थ्री-बेट. फ्लॉपची तीन पानं उघडण्याआधीच्या या चालीत एक्क्यांची किंवा राजांची जोडी असते, हे कुणालाही कळतं. प्रश्न असतो तो त्यांच्या जोडीला कोणते कमकुवत हात घ्यायचे हा. कारण फक्त मोठ्या जोड्यांवरच चढवलं, तर समोरचे लगेच ओळखतात आणि पानं टाकून मोकळे होतात.

ब्लाइंड 50 आणि 100 आहेत. बटनच्या उजवीकडचा खेळाडू 250 लावतो. आपण बटनवर, हातात इस्पिकचा एक्का आणि इस्पिकचीच पंजी. आपण 800 करतो. पॉटमध्ये 400 आहेत, म्हणजे 400 साठी 800 पणाला लावले. हातात काहीच दम नसता, तर तीनपैकी दोन वेळा सगळ्यांनी फोल्ड केल्यावर कुठे बरोबरी झाली असती. पण समजा, 100 पैकी 55 वेळाच फोल्ड होतं. त्यातून 22,000 येतात. उरलेल्या 45 वेळी सरासरी 489 गेले तरी तोटा नाही. म्हणजे लावलेल्या 800 पैकी 311 परत यायला हवेत. ते आणायची ताकद हातात आहे का, एवढंच पाहायचं.

एक्का-पंजी इथे दोन कामं करते. एक एक्का आपल्याकडे असल्यामुळे समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे मार्ग सहावरून तीनवर येतात, आणि एक्का-राजाचे सोळावरून बारावर. ज्या हातांनी तो आपल्यावर उलट चढवला असता, तेच कमी होतात. आणि त्याने कॉल केलाच, तरी इस्पिकचा सर्वांत मोठा फ्लश किंवा एक्का ते पंजी असा स्ट्रेट लागू शकतो. राण्यांच्या जोडीसमोरही हा हात साधारण तीनात एकदा जिंकतो.

वेगवेगळ्या रंगांचे एक्का-नव्वी दिसायला याहून भारी. पण कॉल करणाऱ्याकडे बऱ्याचदा त्याहून मोठ्या जोडपानाचा एक्का असतो. फ्लॉपवर एक्का आला की आपण खूश होतो आणि तिथेच सर्वाधिक चिप्स जातात. वारंवार असंच हरत असाल, तर दोष फ्लॉपनंतरच्या खेळात शोधू नका, हाताच्या निवडीत शोधा. सत्त्या-अठ्ठ्यांच्या जोड्यांनी मात्र कॉल करावं. चढवल्यावर उलट रेझ आला, तर तिसरं तसंच पान लागण्याची संधी फुकट सोडावी लागते.

हे सारं त्या 55 वर उभं आहे. काही खेळाडू एकदा पैसे घातले की थ्री-बेटला फोल्ड करतच नाहीत. उघडलेल्या पानांत असा एखादा खेळाडू राजा-नव्वीने कॉल करताना दोनदा दिसला, की मी एक्का-पंजीने चढवणं बंद करतो आणि त्याऐवजी एक्का-राणी, दश्श्यांची जोडी, एकाच रंगाचे राजा-राणी यांनी चढवतो. त्याच्या कमजोर कॉलसमोर तेच हात पैसे कमावतात.