जुना फोन रिसेट करण्याआधी

नवा फोन आला की जुन्यातलं सिम त्यात टाकायचं, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्यायचा, फोटो आणायचे आणि जुना फोन रिसेट मारून कोणाला तरी देऊन टाकायचा, हा क्रम आता घरोघरी पाठ झाला आहे. ज्यांच्या फोनवर गुगल ऑथेंटिकेटरसारखं ॲप आहे, त्यांना मात्र हाच क्रम गोत्यात आणतो. रिसेट होतो, नव्या फोनवर ॲपचं चित्रही दिसतं, पण उघडून पाहावं तर आत काहीच नाही. जीमेल सहा आकडी कोड मागतं, शेअर ब्रोकर कोड मागतो आणि तो कोड दाखवणारा फोन रिकामा झालेला असतो.

असं का होतं, हे एकदा कळलं की पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. एसएमएसने येणारा ओटीपी तुमच्या नंबरवर येतो. सिम नव्या फोनमध्ये घातलं की तोही तिकडे येऊ लागतो. ऑथेंटिकेटरचा कोड कुठूनच येत नाही, तो फोनवरच तयार होतो. ही सोय सुरू करताना संकेतस्थळाने एक क्यूआर कोड दाखवलेला असतो. त्या चौकटीत अक्षर-अंकांची एक गुप्त किल्ली असते. तिची एक प्रत संकेतस्थळाकडे राहते, दुसरी तुमच्या ॲपमध्ये. ही किल्ली आणि त्या क्षणाची वेळ यांचं गणित करून दोन्हीकडे स्वतंत्रपणे एकच आकडा निघतो आणि दर तीस सेकंदांनी तो बदलतो. म्हणूनच नेटवर्क नसलं, फोन विमान मोडवर असला तरी कोड दिसतच राहतो. नंबर, सिम, इंटरनेट यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. किल्ली जिथे, कोड तिथे.

अँड्रॉइडवर फोन-ते-फोन डेटा पाठवण्याच्या नेहमीच्या सोयी ॲप आणतात, पण ही किल्ली सहसा आणत नाहीत. ती स्वतंत्रपणे न्यावी लागते, आणि न्यायची तर जुना फोन चालू हवा. म्हणजे काही काळ दोन्ही फोन चालू स्थितीत तुमच्या हातात असणं, ही या सगळ्या कामाची एकमेव खरी अट आहे.

माझ्या एका चुलत भावाचं उदाहरण घेऊ. तो हिशेबनिशीची कामं करतो. त्याच्या ॲपमध्ये चौदा नोंदी होत्या: स्वतःचं आणि ऑफिसचं अशी दोन जीमेल खाती, फेसबुक, इन्स्टाग्राम, शेअर ब्रोकर, वेबसाइटच्या होस्टिंगचं खातं आणि उरलेली अशिलांची. नव्या फोनला हात लावण्याआधी त्याला एक काम करायला लावलं. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात 2-Step Verification उघडून Backup codes घ्यायचे. गुगल दहा कोड देतं, प्रत्येक आठ आकडी, आणि एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर छापले आणि कागद घराच्या दस्तऐवजांसोबत कपाटात गेला. जुन्या फोनच्या गॅलरीत त्यांचा स्क्रीनशॉट ठेवण्यात अर्थ नाही, कारण तो फोन पुसायचाच आहे. त्याच जीमेलच्या ड्राइव्हवर ठेवण्यातही नाही, कारण कुलूप लागलं तर ड्राइव्हही आतच राहणार. घरात आधीचा असा कागद असेल, तर लक्षात असू द्या: नवे कोड तयार केले की जुने बाद होतात.

मग नव्या फोनवर ॲप घेतलं. प्ले स्टोअरवर याच धाटणीच्या नावांची आणि चित्रांची पुष्कळ ॲप आहेत, त्यामुळे बनवणाऱ्याचं नाव वाचूनच घ्यावं. जुन्या फोनवर मेन्यूतून Transfer accounts, त्यात Export accounts निवडलं. फोनने बोटाचा ठसा मागितला, चौदाही नोंदींवर खूण केली आणि पडद्यावर क्यूआर कोड उमटला. नव्या फोनवर Transfer accounts मध्येच Import accounts निवडून तो स्कॅन केला. नोंदींची यादी तिकडे उतरली आणि भाऊ म्हणाला, झालं.

झालं नव्हतं. एका चौकटीत दहाच्या आसपास नोंदी मावतात. त्याहून जास्त असल्या की ॲप एकापाठोपाठ एक अशा दोन-तीन चौकटी दाखवतं आणि जुन्या फोनवर पुढचं बटण दाबून प्रत्येक चौकट स्कॅन करावी लागते. नव्या फोनवर भरलेली यादी पाहून माणूस तिथेच थांबतो. राहिलेल्या चार नोंदींची आठवण येते ती महिन्याभराने, त्या खात्याचं काम निघाल्यावर. म्हणून दोन्ही फोन शेजारी ठेवून नोंदी मोजाव्यात.

शेवटी जुना फोन विचारतो, पाठवलेल्या नोंदी इथून काढून टाकू की राहू देऊ? राहू द्या. नोंदी पाठवल्याने जुन्या प्रती मरत नाहीत. दोन्ही फोन तेच कोड दाखवत राहतात, आणि पडताळणीला तेच हवं असतं. एकाच नोंदीसमोर दोन्ही पडद्यांवर एकाच वेळी एकच आकडा दिसला, की किल्ली बरोबर पोचली. आकडे वेगळे असतील, तर आधी नव्या फोनचं घड्याळ पाहा. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय बंद असेल आणि फोन दोन-चार मिनिटं पुढेमागे असेल, तर गणित चुकणारच.

आकडे जुळले तरी प्रत्यक्ष लॉगिन करून पाहिलंच पाहिजे. जुनी नोंद उरलेली असते, किंवा त्या खात्याची किल्ली मधल्या काळात बदललेली असते. मग दोन्ही फोन एकमताने चुकीचा कोड दाखवतात. लॉगिन करताना संगणकावर सुरू असलेल्या खात्यातून बाहेर पडू नका. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा आणि तिथे नव्या फोनवरचा कोड द्या. नेहमीच्या खिडकीत तुम्ही कधीतरी ‘या उपकरणावर पुन्हा विचारू नका’ असं म्हटलेलं असतं, त्यामुळे तिथे कोड विचारलाच जात नाही आणि चाचणी फसवी ठरते. चौदा वेळा हे करणं कंटाळवाणं आहे. निदान ईमेल, ब्रोकर आणि ज्याच्यावर पोट आहे ती खाती तरी तपासा. ईमेल सगळ्यात आधी, कारण बाकीच्यांचे पासवर्ड बदलायचे मार्ग तिथूनच जातात.

तो क्यूआर कोड म्हणजे तुमच्या सगळ्या किल्ल्या एकत्र. त्याचा फोटो ज्याच्याकडे जाईल, त्याच्या फोनवर तुमचे कोड दिसू लागतील. म्हणून तिसऱ्या फोनने तो टिपून घरच्यांच्या ग्रुपवर टाकण्याची युक्ती करू नका.

गुगल ऑथेंटिकेटरने 2023 साली किल्ल्या गुगल खात्यात साठवण्याची सोय दिली. ती चालू असेल, तर नव्या फोनवर त्याच खात्याने ॲपमध्ये शिरलं की नोंदी आपोआप येतात, चौकटींची भानगड राहत नाही. सोय चांगली आहे, पण तिच्यात एक गाठ आहे. त्या गुगल खात्यात शिरायलाच जर याच ॲपचा कोड लागत असेल आणि जुना फोन पुसलेला असेल, तर नोंदी गुगलच्या आत आणि तुम्ही बाहेर. कपाटातला कागद अशा वेळी कामाला येतो.

कंपनीच्या ईमेलसाठी मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर वापरणाऱ्यांना वेगळा अनुभव येतो. बॅकअपमधून नव्या फोनवर ऑफिसच्या खात्याचं नाव उतरतं, पण ते नुसतं नाव असतं. मंजुरीची सूचना जुन्या फोनवरच जात राहते. हे खातं फोनशी बांधलेलं असतं, त्यामुळे नवा फोन नव्याने नोंदवावा लागतो. संगणकावर mysignins.microsoft.com/security-info हे पान उघडा, आत शिरताना जुन्या फोनवर मंजुरी द्या, Add sign-in method मधून नवा फोन जोडा, एकदा लॉगिन करून पाहा आणि मगच यादीतून जुन्या फोनचं नाव काढा. जुना फोन आधीच गेला असेल, तर ऑफिसच्या आयटी विभागाला गाठण्यावाचून इलाज नाही.

आता एक्सचेंज ऑफरबद्दल, कारण आपल्याकडे घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. नवा फोन घेऊन आलेला माणूस दारातच जुना फोन मागतो, तोही रिसेट केलेला. म्हणजे दोन्ही फोन एकत्र हातात असण्याची वेळच येत नाही. यावर उपाय म्हणजे आदल्या दिवशी घरातल्या विश्वासाच्या माणसाच्या फोनवर ॲप घेऊन सगळ्या नोंदी तिथे पाठवायच्या, तिथल्या कोडने लॉगिन करून पाहायचं, आणि नवा फोन हाती आल्यावर तिथून त्यात आणायच्या. त्या फोनवर त्यांच्या स्वतःच्या नोंदी असल्या तर दोघांच्या मिसळतील, पण पाठवताना हव्या त्याच नोंदींवर खूण करता येते. काम झालं की तुमच्या नोंदी तिथून पुसा. ऑफिसचं फोनशी बांधलेलं खातं मात्र या वाटेने जात नाही. त्यासाठी तोच तिसरा फोन त्या पानावर आधी नोंदवून घ्या, किंवा आयटी विभागाला आधी कळवा. एवढं करायला वेळ नसेल, तर एक्सचेंजचे पैसे सोडून द्यावेत, असं माझं मत आहे.

एक समजूत बऱ्याच जणांची असते, की ॲपमधली नोंद पुसली म्हणजे त्या खात्याची दुहेरी तपासणी बंद झाली. तसं होत नाही. कुलूप संकेतस्थळावर आहे, ते तसंच राहतं. फक्त तुमच्याकडची किल्ली जाते. उलट, संकेतस्थळाच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑथेंटिकेटर नव्याने जोडलं, तर नवी किल्ली तयार होते आणि जुन्या फोनवरचे कोड त्याच क्षणी निकामी होतात. एखादी नोंद काही केल्या नव्या फोनवर येत नसेल, तर जुन्या फोनच्या कोडने आत शिरून असं नव्याने जोडणं हाच मार्ग.

हे सगळं झाल्यावरही जुना फोन आठवडाभर कपाटात पडू द्या. क्वचित वापरात येणारं एखादं खातं तेवढ्यात वर येतं. मग ऑथेंटिकेटरमधल्या नोंदी काढा, अँड्रॉइड असेल तर सेटिंगमधून गुगल खातं काढा, आयफोन असेल तर Find My बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडा, आणि त्यानंतर रिसेट करा. खातं न काढता रिकव्हरी मेन्यूतून रिसेट मारलेला अँड्रॉइड फोन सुरू होताना तुमच्याच गुगल खात्याचा पासवर्ड किंवा जुना पिन मागतो, आणि ज्याला तो दिला त्याला काही तो वापरता येत नाही.