कोरा रकाना काय सांगतो?

सोमवारी सकाळी एचआरचा मेल येतो: कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कंपनीने एक अ‍ॅप घेतले आहे, लॉगिन सोबत दिले आहे. कुणी ते लगेच उतरवून घेतो, कुणी मेल न उघडताच कामाला लागतो. काही महिन्यांनी करार पुढे चालवायची वेळ येते आणि वरचा साहेब विचारतो, ‘याचा काही उपयोग होतो का?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न येतो. आजवर कुणी, कोणत्या कामगारांवर, नेमके काय तपासून पाहिले आहे? हे शोधायच्या पद्धतीला संशोधक ‘स्कोपिंग रिव्ह्यू’ म्हणतात, म्हणजे एखाद्या विषयावर झालेल्या अभ्यासांची पाहणी. तिची चौकट यॉर्क विद्यापीठातल्या हिलरी आर्क्सी आणि लिसा ओमॅली यांनी 2005मध्ये मांडली.

स्कोपिंग रिव्ह्यू निकाल देत नाही. ‘अ‍ॅपने ताण किती टक्के कमी होतो’ हे काढायचे असेल, तर सारख्या प्रकारचे प्रयोग निवडून, त्यांचा दर्जा जोखून, आकडे एकत्र करावे लागतात. तो सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा प्रांत. स्कोपिंग रिव्ह्यू नकाशा काढतो: अभ्यास कुठे दाट आहेत, कुठे विरळ, कुठे नाहीतच. आणि नकाशा काढणाऱ्याने आपल्याला हवी ती वाट ठळक करू नये, म्हणून नियम आधी लिहून ठेवायचे असतात. ते लिखित नियम म्हणजे प्रोटोकॉल. तो ‘ओएसएफ’सारख्या खुल्या नोंदणी-संकेतस्थळावर तारखेसकट टाकून ठेवतात. नंतर नियम बदलला, तर बदल कुठला ते कुणालाही दिसते.

प्रोटोकॉलमध्ये पहिली आखणी असते हद्दीची. तीन बाजूंनी कुंपण घालतात: कोणती माणसे, कोणती गोष्ट, कोणत्या संदर्भात. वाचायला सोपे, घालायला अवघड. ‘कामाच्या ठिकाणचे अ‍ॅप’ म्हणजे काय? अ‍ॅप फोनमध्ये असते आणि माणूस ते रात्री अंथरुणात पडून उघडतो. त्यामुळे जागेवरून हद्द ठरत नाही. अ‍ॅप माणसाच्या हातात नोकरीच्या नात्याने आले का, मालकाने दिले का, अभ्यासातली माणसे कामाच्या जागेवरून निवडली का, यावरून ठरते. मग डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचे काय? कंपनी त्याला कर्मचारी मानत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. आशाताईंचे काय? त्या कागदोपत्री स्वयंसेविका, मानधनावर काम करणाऱ्या. ‘कर्मचारी’ एवढाच शब्द लिहिला तर दोघेही बाहेर पडतात. म्हणून जाणता अभ्यासक ‘मोबदला घेऊन काम करणारी प्रौढ व्यक्ती, कराराचा प्रकार कोणताही’ असे लिहितो.

शोधाची पायरी आली की हीच हद्द पुन्हा कसाला लागते. पबमेडसारख्या संग्रहात शोधवाक्य साधारण असे दिसते:

```
("Workplace"[Mesh] OR employee*[tiab] OR worker*[tiab])
AND ("Mobile Applications"[Mesh] OR app[tiab] OR apps[tiab])
AND (stress[tiab] OR burnout[tiab] OR depress*[tiab])
```

पहिल्या ओळीत माणसे आणि संदर्भ, पुढच्या दोन ओळींत गोष्ट. फुलीचे चिन्ह शब्दाची पुढची सगळी रूपे पकडते. पण `worker*` हे जाळे फार सैल आहे. आंध्र प्रदेशात ‘स्मार्ट मेंटल हेल्थ’ नावाचा प्रकल्प झाला. त्यात आशा कार्यकर्त्या टॅबलेटवरचे साधन वापरून गावातल्या लोकांचे नैराश्य आणि ताण ओळखत. अशा प्रकारचे लेख या जाळ्यात सहज येतात, कारण त्यांत कार्यकर्ती आहे, अ‍ॅप आहे, नैराश्यही आहे. तरी ते बाहेर ठेवावे लागतात. तिथे अ‍ॅप आशाताईच्या हातात आहे, पण मन तपासले जाते ते दुसऱ्याचे. हा फरक यंत्राला कळत नाही, माणसाने वाचूनच करावा लागतो.

म्हणून सगळी शीर्षके चाळायला बसण्याआधी तालीम होते. या पद्धतीची मार्गदर्शिका ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडची ‘जेबीआय’ ही संस्था काढते. तिचा सल्ला असा, की 25 शीर्षके आणि सारांश घ्यावेत, प्रत्येकाने ते स्वतंत्रपणे ‘आत’ किंवा ‘बाहेर’ टाकावेत, आणि किमान 75 टक्के वेळा एकमत झाल्यावरच खरे काम सुरू करावे. एकमत होत नसेल तर दोष बहुधा वाचणाऱ्यांचा नसतो, नियमाच्या शब्दांचा असतो. आशाताईंसारखी उदाहरणे याच वेळी वर येतात आणि नियमात एक वाक्य वाढते.

आत आलेला प्रत्येक लेख मग एका फॉर्ममधून जातो. त्याला डेटा चार्टिंग फॉर्म म्हणतात. प्रोटोकॉलचा सर्वांत कामाचा भाग हाच, कारण जे फॉर्ममध्ये विचारले नाही, ते नकाशात कधीच येणार नाही. या विषयासाठी मी तो असा बांधेन:

नोंदीचा फॉर्म (एका अभ्यासाला एक)

1. लेखक, वर्ष, देश
2. अभ्यासाचा प्रकार: चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग, एकवेळचे सर्वेक्षण, मुलाखती की इतर
3. माणसे: किती, कोणत्या कामातली, नोकरीचा करार कसा
4. अ‍ॅप: नाव, त्यात काय आहे, माणसाची मदत जोडलेली आहे का
5. अ‍ॅप कुणी दिले, खर्च कुणाचा
6. वापर: किती करायला सांगितला, प्रत्यक्षात किती झाला
7. काय मोजले: मनाची स्थिती, कामाचा ताण, रजा, काम सोडणे
8. कधी मोजले, शेवटचे मोजमाप कितव्या आठवड्यात
9. रोख कशावर: माणसाच्या मनावर, की कामाच्या रचनेवर
10. वापराची माहिती मालकाला दिसते का
11. अभ्यासाला पैसे कुणी दिले, लेखकांचा अ‍ॅपशी संबंध आहे का

आता दोन खरे अभ्यास यात भरून पाहू. पहिला बोस्टॉक आणि सहकाऱ्यांचा, 2019चा. ब्रिटनमधल्या दोन मोठ्या कंपन्यांतले 238 निरोगी कर्मचारी घेतले आणि गट पाडले. एका गटाला ध्यानाचे अ‍ॅप दिले, दुसऱ्याला ‘तुमची पाळी नंतर’ असे सांगितले. अ‍ॅपमध्ये 10 ते 20 मिनिटांची 45 ध्वनिमुद्रित सत्रे होती आणि रोज एक करायला सांगितले होते. आठ आठवड्यांनी अ‍ॅपवाल्या गटाचे मनःस्वास्थ्य आणि कामाचा ताण दोन्ही दुसऱ्या गटापेक्षा सुधारलेले दिसले, आणि सोळाव्या आठवड्याच्या पाहणीतही तो फायदा टिकून होता.

सहाव्या ओळीत मात्र पेन थांबते. ‘सांगितले: रोज एक. झाले: सरासरी 17.’ आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. म्हणजे साधारण दर तीन दिवसांनी एक सत्र झाले. कुणी एकही केले नाही, कुणी सगळी 45 संपवली. ही ओळ दोन भागांत विचारली नसती, तर कुणी ‘45 सत्रांचे अ‍ॅप’ एवढेच लिहिले असते आणि वाचणाऱ्याला वाटले असते की सगळ्यांनी तेवढी सत्रे केली.

दुसरा अभ्यास ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा, 2024चा. त्यांनी 233 संस्थांमधल्या 46,336 कामगारांच्या सर्वेक्षणाची माहिती तपासली. अ‍ॅप, ध्यान, ताण पेलण्याचे प्रशिक्षण अशा उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली. बहुतेक उपक्रमांत भाग घेणाऱ्यांची स्थिती चांगली असल्याचे दिसले नाही. अपवाद स्वयंसेवी कामाच्या संधीचा.

बातमीदाराच्या हाती हे दोन निष्कर्ष लागले, तर ‘संशोधकांत मतभेद’ असा मथळा होईल. फॉर्म मात्र दोघांना आपापल्या ओळीत बसवतो. पहिल्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडले, म्हणून ‘आधीच बरे असलेलेच अ‍ॅपकडे वळले’ ही शंका राहत नाही. पण माणसे दोनच कंपन्यांतली, आणि मुळातच निरोगी. दुसऱ्यात माणसे खूप आणि संस्था नाना प्रकारच्या, पण मोजमाप एकाच वेळचे. तिथे आधीच त्रासलेला माणूस अ‍ॅपकडे वळला असेल, तर वापरणारे आणि न वापरणारे सारखेच दिसू शकतात. शिवाय सहाव्या ओळीत दुसऱ्या अभ्यासाखाली सहभाग होता की नव्हता एवढेच लिहिता येते, किती वापरले ते नाही. दोघांनी वेगवेगळे प्रश्न विचारले होते. कोण बरोबर हे नकाशा सांगत नाही. कोण कुठे उभा राहून पाहत होता, ते सांगतो.

शेवटी येतो तो कोरा रकाना, आणि फॉर्मची खरी परीक्षा तिथेच होते. आपल्या तलाठ्याच्या बारा नंबरच्या उताऱ्यात पिकाची नोंद असते, तशी लागवडीला उपलब्ध नसलेल्या जमिनीचीही वेगळी नोंद असते. नुसताच कोरा उतारा पाहून जमीन पड आहे, की खडकाळ आहे, की कुणी शिवारात फिरकलेच नाही, हे कळत नाही. चार्टिंग फॉर्मचेही तसेच. दहाव्या ओळीत ‘मालकाला माहिती दिसते का’ याच्यापुढे काहीच नसेल, तर कारणे तीन असू शकतात. लेखकांनी त्याबद्दल लिहिले नाही. किंवा प्रश्न लागूच पडत नाही, कारण अ‍ॅप माणसाने स्वतः विकत घेतले होते. किंवा भरणाऱ्याच्या नजरेतून ते निसटले. तिन्ही ठिकाणी मोकळी जागा सोडली, तर शेवटी मोजणी करताना सगळ्यांचा एकच ढीग होतो. मग ‘अमुक इतक्या अभ्यासांनी गोपनीयतेकडे दुर्लक्ष केले’ असे खोटे वाक्य अहवालात जाते.

म्हणून प्रोटोकॉलमध्ये एक ओळ असावी: कुठलाही रकाना कोरा सोडायचा नाही. ‘लिहिलेले नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘अस्पष्ट’ यांपैकी एक लिहायचे, आणि दोघांनी स्वतंत्रपणे भरून मग ताडून पाहायचे. पहिल्या पाच-सहा लेखांवर फॉर्म चालवला की अडचणी दिसतात. कुणी नवव्या ओळीत ‘मन’ लिहितो, तर कुणी ‘दोन्ही’, कारण त्या अ‍ॅपमध्ये ध्यानाबरोबर ‘साहेबाशी कसे बोलावे’ असाही एक धडा असतो. अशा वेळी ओळीखाली एक सूचना वाढवायची: धडा कामगाराला वागणे शिकवत असेल तर ‘मन’, कामाचे तास, पाळ्या किंवा माणसांची संख्या बदलत असेल तरच ‘रचना’. बदलाची तारीख लिहायची, आणि आधी भरलेले फॉर्म नव्या सूचनेने पुन्हा तपासायचे.

असा फॉर्म हाती असला, तर त्या साहेबाला एक कागद देता येतो. उपयोग होतो की नाही, ते त्यावर नसेल. पण आपल्यासारख्या कामगारांवर किती अभ्यास झाले, त्यांत माणसांनी अ‍ॅप प्रत्यक्षात किती वेळा उघडले, आणि कुठल्या ओळीपुढे ‘लिहिलेले नाही’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते असेल. करारावर सही करण्याआधी अ‍ॅप विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न त्याच ओळींत सापडतील.