पाटीवरचे वॉट आणि इन्व्हर्टरचा हिशेब

घरासाठी इन्व्हर्टर घेताना दोन वेगळे हिशेब करावे लागतात. एकाच वेळी जास्तीत जास्त किती उपकरणे चालतील, यावरून इन्व्हर्टरची क्षमता ठरते. तो किती तास चालेल, हे मात्र प्रत्यक्षात ओढली जाणारी वीज आणि बॅटरी यांवर अवलंबून असते. दोन्ही हिशेब एकाच आकड्यावर उरकले, की पाच तासांचा म्हणून घेतलेला संच तीन तासांत मान टाकतो.

सुरुवात उपकरणांच्या पाट्यांपासून होते. टीव्हीची पाटी मागच्या बाजूला असते, पंख्याची मोटरच्या अंगावर, लॅपटॉप आणि वाय-फाय राउटरची अडॅप्टरवर. अक्षरे बारीक आणि जागा अडचणीची, म्हणून उपकरण बंद करून मोबाइलने फोटो काढावा आणि तो मोठा करून वाचावा. फ्लॅशने पाटी चकाकत असेल तर मोबाइल थोडा तिरपा धरला की अक्षरे उमटतात.

वॉट छापलेले असतील तर तोच आकडा घ्यायचा. अडॅप्टरवर मात्र पुष्कळांची गफलत होते. तिथे ‘इनपुट’समोरचा अँपिअरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, त्याला २३० ने गुणले तर छोटासा राउटर शंभर वॉटचा भासतो. त्याऐवजी ‘आउटपुट’ पाहावे: १२ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे १२ वॉट. फ्रिजच्या स्टार लेबलवरचा आकडा वर्षभरात लागणाऱ्या युनिटचा असतो, तो या बेरजेत धरायचा नाही.

एका घराचे उदाहरण घेऊ. ७५ वॉटचे तीन पंखे, ९ वॉटचे चार एलईडी दिवे, २० वॉटची एक ट्यूब, १०० वॉटचा टीव्ही, १२ वॉटचा राउटर आणि ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर. बेरीज ४५८ वॉट होते. इन्व्हर्टरवर क्षमता व्हीएमध्ये, म्हणजे व्होल्ट-अँपिअरमध्ये लिहिलेली असते आणि तेवढे सगळे वॉट त्यातून मिळत नाहीत, साधारण ०.८ पट धरावेत. म्हणून ४५८ ला ०.८ ने भागायचे. उत्तर सुमारे ५७५ व्हीए येते. पाव हिस्सा मोकळा ठेवला तर ७२० च्या आसपास, म्हणजे बाजारातला ९०० व्हीएचा इन्व्हर्टर या घराला पुरेसा आहे. फ्रिज त्यावर घेऊ नये. त्याचे चालू वॉट कमी असले तरी कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट वीज ओढतो. तेवढ्याने ओव्हरलोडचा दिवा लागून इन्व्हर्टर बंद पडू शकतो.

आता तासांचा हिशेब. संध्याकाळी तिन्ही पंखे, तीन दिवे, ट्यूब, राउटर आणि टीव्ही चालू आहेत. टीव्ही पाटीवरच्या कमाल आकड्यापेक्षा बहुधा कमी घेतो, तो ७० वॉट धरू. एकूण ३५४ वॉट. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची, म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. भागाकार पाच तास सांगतो. त्यातून दोन गोष्टी वजा होतात. पहिली इन्व्हर्टरमधली घट. ती धरली की बॅटरीतून सुमारे ३५ अँपिअर जातात. दुसरी गोष्ट बॅटरीची. १५० हा आकडा ती वीस तासांत, साडेसात अँपिअरने संथपणे रिकामी केली तर खरा असतो. ३५ अँपिअरने ओढल्यास तीच बॅटरी जेमतेम ११५ अँपिअर-तास देते. म्हणजे सव्वातीन तास. रात्री दोन पंखे, एक दिवा आणि राउटर एवढेच १७१ वॉट चालले, तर तीच बॅटरी साडेसात तासांपर्यंत पुरते. भार निम्म्यावर आला तर तास दुपटीहून वाढतात, ते यामुळेच.

म्हणूनच मोठी बॅटरी घेण्याआधी पंख्यांकडे पाहणे शहाणपणाचे. ७५ वॉटच्या तीन पंख्यांऐवजी ३० वॉटचे बीएलडीसी पंखे लावले तर संध्याकाळचा भार २१९ वॉटवर येतो आणि सव्वातीनचे साडेपाच तासांच्या वर होतात.

बेरीज बरोबर आहे का, हे घरच्या वीजमीटरवर तपासता येते. मीटरवर 3200 imp/kWh असे लिहिलेले असेल, तर लाल दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना फ्रिज आणि इतर उपकरणे बंद ठेवून फक्त संध्याकाळचा भार चालू करावा. ३५४ वॉटला मिनिटाला सुमारे १९ लुकलुकी दिसायला हव्यात. २५ दिसल्या, तर भार ४७० वॉटच्या आसपास आहे आणि एखादी पाटी चुकीची वाचली गेली आहे किंवा एखादे उपकरण मोजायचे राहिले आहे.

हे सगळे तास नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचे आहेत. रिकामी झालेली १५० अँपिअर-तासांची बॅटरी घरगुती इन्व्हर्टरवर पुन्हा भरायला दहा-बारा तास किंवा त्याहूनही जास्त लागतात. जिथे दिवसातून दोनदा वीज जाते, तिथे दुसऱ्या वेळी निम्मेच तास धरून चालावे.