फुल कट मारल्यावर

सरळ रस्त्यावर गाडी गप्प असते. ताशी ८० च्या वेगातही काही ऐकू येत नाही. पण बाजार समितीच्या आवारात गाडी वळवताना, किंवा बांधावरून मागे घेऊन स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं आणि हलकी रेस दिली, की पुढच्या चाकापाशी ‘कट्, कट्, कट्’ सुरू होतं. स्टिअरिंग सरळ केलं की बंद. राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या उसाच्या पट्ट्यातल्या गॅरेजांत हे गाऱ्हाणं घेऊन येणारे कमी नाहीत, आणि बहुतेक मिस्त्री बॉनेटही न उघडता सांगतात, “एक्सेल वाजतोय.”

हे दुखणं मुख्यतः पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांचं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या त्याच जातीच्या आहेत. त्याआधीची ॲम्बेसिडर आणि पद्मिनी, किंवा आजही गावोगाव दिसणारी साधी बोलेरो मागच्या चाकांवर चालते. तिथे पुढच्या चाकाला फक्त वळायचं असतं. छोट्या मोटारीत मात्र त्याच चाकाला वळायचंही असतं आणि गाडी ओढायचीही असते. म्हणजे गिअरबॉक्समधून निघालेला दांडा चाकापाशी जाईपर्यंत चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत वाकला तरी एकसारखा फिरत राहिला पाहिजे.

जुन्या गाड्यांच्या प्रोपेलर शाफ्टमधला ‘क्रॉस’ इथे चालत नाही, कारण वाकलेला एकच क्रॉस एकसारख्या वेगाने फिरवत नाही. दांडा ४५ अंशांत वाकला, तर एका फेऱ्यात चाकाचा वेग दोनदा सुमारे ०.७ पटीपर्यंत खाली येईल आणि दोनदा १.४ पटीपर्यंत वर जाईल. वळणावर स्टिअरिंग हातात थडथडेल. यावर टिकाऊ तोड काढली ती अल्फ्रेड झेपा या अभियंत्याने, १९२० च्या दशकात. दोन वाट्या, त्यांच्यात कोरलेल्या वाकड्या खाचा, खाचांत पोलादी गोट्या आणि गोट्यांना जागेवर धरणारा पिंजरा. दांडा कितीही वाकला, तरी गोट्या त्या कोनाच्या बरोबर मधल्या पातळीत राहतात आणि दोन्हीकडचा वेग सारखा राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक जीपच्या पुढच्या एक्सेलमध्ये हा सांधा होता, १९५९ च्या ब्रिटिश मिनीतही होता. आज गॅरेजात त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात.

मी ज्या गॅरेजात हे काम जवळून पाहिलं ते नगर-मनमाड रस्त्याला लागून आहे. गाडी नेवाशाकडच्या एका ऊस बागायतदाराची, दहाएक वर्षं वापरलेली छोटी हॅचबॅक. तोडणी चालू असली की दिवसभर फडाच्या कडेने, ट्रॅक्टरने खोल चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्याने ये-जा. “मिस्त्री, उजवीकडं वळताना लई वाजती,” एवढंच त्यांनी सांगितलं.

मिस्त्रींनी आधी गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आवाज नाही. ही परीक्षा साधी, पण बरेच जण ती करत नाहीत. गाडी उभी असताना फिरवल्यावरच ‘टण’ किंवा ‘करकर’ झालं, तर बहुधा शॉकअप्सरच्या वरच्या माउंटचा किंवा रॅकचा, टाय रॉडचा दोष. एक्सेलला त्यात ओढू नये. सीव्ही जॉइंट वाजायला चाक फिरावं लागतं आणि त्याच्यावर ओढ यावी लागते. मग गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत फुल कट मारून त्यांनी गाडी हळू गोल फिरवली. रेस दिली की कटकट जोरात, पाय काढला की मंद. वेग थोडा वाढवला तशी ठेकाही वाढला. ताशी १० च्या वेगात अशा गाडीचं चाक सेकंदाला साधारण दीड फेरा करतं, त्यामुळे आवाज कानाने मोजता येईल इतका सुटा असतो. जो आवाज चाकाच्या फेऱ्याबरोबर चालतो तो चाकाच्या जवळपासचाच.

उजव्या वळणावर जास्त वाजलं म्हणून त्यांनी डाव्या बाजूचा संशय धरला, कारण वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. पण हा नियम पक्का नाही. पत्र्यातून आवाज इकडचा तिकडे ऐकू येतो आणि आतल्या चाकाचा सांधा जास्त वाकलेला असल्यामुळे तोही वाजू शकतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी बॅटरी घेऊन खाली वाकायचं.

खाली जे दिसलं त्यावर वाद घालायला जागा नव्हती. सांध्यावर भात्यासारखं घड्या-घड्यांचं रबरी आवरण असतं, तोच बूट. डाव्या बाहेरच्या बुटाच्या मोठ्या तोंडाजवळची एक घडी अर्ध्याहून जास्त परिघात फाटली होती. चाकाच्या रिमच्या आतल्या अंगाला, लोअर आर्मवर आणि शॉकअप्सरच्या बुडाशी काळ्या ग्रीसचा पट्टा उडालेला, त्यावर माती बसून खपली झालेली. फाटका बूट असाच ओळखावा: फिरता दांडा ग्रीस बाहेर भिरकावतो आणि त्याची रेघ सांध्याभोवती गोलाकार उमटते.

बूट फाटतो कसा? रबर वयाने कडक होतं आणि दुमडणाऱ्या घडीच्या तळाशी चिरतं, हे कुठेही होतं. नगरच्या बागायती पट्ट्यात आणखी भर पडते ती काळ्या मातीची. ओली असताना ती घड्यांत ठासून बसते, वाळली की दगडासारखी होते, आणि पुढच्या वळणावर घडीला मिटायला जागाच उरत नाही. तोडलेल्या उसाचे खुंट आणि वेड्या बाभळीचे काटे वेगळेच. फाट पडली की दोन गोष्टी एकदमच होतात: ग्रीस बाहेर जातं आणि चिखलपाणी आत येतं. नुसत्या डांबरी रस्त्यावर फाटका बूट काही काळ निभावतो. शेतरस्त्यावर सांध्याचं आयुष्य पटकन संपतं, कारण उरलेलं ग्रीस आणि बारीक वाळू मिळून आत घासणाऱ्या पेस्टचं काम करतात.

खोलण्याचं काम राकट आहे. चाक जमिनीवर असतानाच हबचा मोठा नट सैल केला, लांब पाइप लावून. मग गाडी जॅकवर चढवून चाक काढलं, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवला, हब बाहेर ओढून एक्सेलचं टोक मोकळं केलं. दुसरं टोक गिअरबॉक्समधून पहारीने उचकटताना खाली ट्रे धरला, तरी गिअर ऑइल हातावर आलंच. दांडा व्हाइसमध्ये धरून बूट कापला आणि पितळी ड्रिफ्ट आतल्या वाटीवर ठेवून दोन टोले दिले. सरक्लिप सुटली, सांधा दांड्यावरून निघाला.

ग्रीस काळंच असतं, त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड असतं, म्हणून नुसत्या रंगावरून काही कळत नाही. मिस्त्रींनी ते बोटांत चोळलं. कचकच लागली. डिझेलमध्ये धुऊन, आतली वाटी आणि पिंजरा तिरका करत एकेक गोटी बाहेर काढली. सहा गोट्या. दोन अजून चकचकीत, बाकींच्या अंगावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. पिंजऱ्याच्या खिडक्यांच्या कडा घासून गोलसर झालेल्या, त्यामुळे गोटी खिडकीत हलत होती. आणि बाहेरच्या वाटीतल्या खाचांत, बरोबर मध्याजवळ, नखाला लागेल असा खळगा.

सरळ चालताना गप्प आणि वळताना कटकट, याचं उत्तर त्या खळग्यात होतं. सरळ रस्त्यावर बाहेरचा सांधा जेमतेम वाकलेला असतो. गोट्या खाचेच्या मधल्या इंचभरातच मागेपुढे होतात आणि झीजही तिथेच होते. आपणच पाडलेल्या खळग्यात त्या सुखाने बसून असतात, म्हणून आवाज नाही. फुल कट मारला की प्रत्येक गोटी एका फेऱ्यात खाचेच्या जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येते. खळग्याची कड ओलांडताना, आणि वर इंजिनची ओढ असताना, ती उडी मारते आणि सैल खिडकीवर आपटते. हीच ती कट्. म्हणून आवाज यायला लागला म्हणजे दुखण्याची सुरुवात झाली असं समजू नये. सुरुवात बूट फाटला तेव्हाच झाली होती.

अशा सांध्यात नवं ग्रीस भरून नवा बूट चढवला तर? आवाज थोडे दिवस दबतो, एवढंच. खळगा ग्रीसने भरून निघत नाही. जुने कारागीर आणखी एक युक्ती करतात. दोन्ही बाजूंचे बाहेरचे सांधे सारखे असतील तर डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवतात. ओढ खाचेच्या दुसऱ्या, कमी झिजलेल्या अंगावर येते आणि गाडी शांत होते. युक्ती खरी आहे, पण पिंजरा गेला असेल तर व्यर्थ. इथे पिंजरा गेला होता. खाचा घासून मोठ्या मापाच्या गोट्या टाकलेले रिकंडिशन सांधेही मिळतात. मिस्त्रींनी तो पर्याय सांगितला आणि स्वतःच खोडून काढला, “दादा, ऊस तोडणीत गाडी फडात उभी राहिली तर मला शिव्या द्याल.” ते खरंच होतं. सांधा पार तुटला की इंजिन चालतं, गिअर पडतो, आणि गाडी जागची हलत नाही.

नवा सांधा आला. सोबतच्या पाकिटातलं सगळं ग्रीस वापरायचं, थोडं सांध्यात ठासून, उरलेलं बुटात. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस नाही. नवी सरक्लिप घालून सांधा दांड्यावर ठोकला आणि ओढून पाहिला. मग मला तोवर ठाऊक नसलेली एक गोष्ट दिसली. पट्ट्या आवळण्याआधी त्यांनी बुटाच्या लहान तोंडात बारीक पेचकस घालून आतली हवा सोडली. हवा कोंडली तर बूट फुगतो, पोकळी राहिली तर घडी आत ओढली जाते, आणि दोन्हींत नवा बूट लवकर फाटतो. पोलादी पट्टीऐवजी बाइंडिंग वायर बांधणारेही आहेत. ती एका बाजूने रबरात रुतते आणि दुसरीकडून ग्रीस झिरपतं. शेवटी हबचा नवा नट, टॉर्क पान्याने, दीडशे ते दोनशे न्यूटन-मीटरच्या घरात, गाडीगणिक आकडा वेगळा. मग गिअर ऑइलची पातळी, आणि ब्रेक पॅडवर ग्रीस उडालं नाही ना, तेही पाहिलं.

पुन्हा मागच्या मोकळ्या जागेत दोन्हीकडे फुल कट. आवाज गेला होता. तेवढ्यात मिस्त्रींनी मालकाला उजव्या बाजूला बोलावलं आणि बूट दोन बोटांनी ताणून दाखवला. फाट नव्हती, पण घड्यांच्या तळाशी बारीक रेघा उमटल्या होत्या. आज बदलला तर नुसत्या बुटाचा आणि मजुरीचा खर्च, सांधा वाचतो. मालक म्हणाले, तोडणी उरकू दे, मग बघू.

“मग धुताना चाकाच्या मागून हात घालून बुटावरून फिरवत जा,” मिस्त्री म्हणाले. “बोटाला काळं लागलं तर आवाजाची वाट बघू नका, त्याच दिवशी आणा.”