रेझ्युमेच्या वरच्या चार ओळी: शाळेतून कंपनीच्या प्रशिक्षण विभागाकडे

शाळेत दहा-बारा वर्षे शिकवलेल्या अनेक शिक्षकांना एका टप्प्यावर कंपन्यांतल्या प्रशिक्षणाचे क्षेत्र खुणावू लागते. बँका, विमा कंपन्या, कॉल सेंटर, रुग्णालयांच्या साखळ्या, वाहन उद्योग अशा सगळ्या ठिकाणी नव्या माणसांना काम शिकवणारे ट्रेनर लागतात. त्यांच्या विभागाला बहुतेक ठिकाणी ‘एल अँड डी’ म्हणजे लर्निंग अँड डेव्हलपमेंट म्हणतात. शिकवणे हाच दोन्हीकडचा व्यवसाय, त्यामुळे हा बदल सोपा वाटतो. प्रत्यक्षात अर्ज पहिल्याच चाळणीत अडकतो, आणि बऱ्याचदा तो रेझ्युमेच्या डोक्यावरच्या चार ओळींमुळे अडकतो. या ओळींना समरी म्हणतात. आपण कोण, काय करू शकतो आणि त्याचा पुरावा काय, हे नावाखाली लगेच सांगणारा हा छोटा परिच्छेद असतो.

एक काल्पनिक पण अगदी नेहमीचे उदाहरण घेऊ. एक बाई ठाण्यातल्या माध्यमिक शाळेत अकरा वर्षे गणित शिकवतात. त्यांनी अर्ज केला आहे विमा कंपनीतल्या प्रशिक्षकाच्या जागेसाठी. जाहिरातीत काम असे दिले आहे: नव्या कर्मचाऱ्यांचे इंडक्शन घेणे, त्यांची चाचणी घेणे, प्रशिक्षणाच्या नोंदी ठेवणे आणि शाखा व्यवस्थापकांशी समन्वय साधणे. बाईंची समरी अशी आहे:

‘११ वर्षांचा अनुभव असलेली समर्पित, मेहनती व विद्यार्थीप्रिय गणित शिक्षिका. बी.एस्सी., बी.एड. वर्गनियंत्रण, पाठनियोजन व पालकसंवादात कुशल. कॉर्पोरेट क्षेत्रात आव्हानात्मक संधीच्या शोधात.’

यात एकही शब्द खोटा नाही. पण ही समरी प्रथम मनुष्यबळ विभागातला जो माणूस वाचणार आहे, त्याच्यासमोर अर्जांचा ढीग असतो आणि हातात वरची जाहिरात असते. इंडक्शन, चाचणी, नोंदी, समन्वय यांपैकी काहीच त्याला इथे दिसत नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणकप्रणालीत जातात आणि जाहिरातीतल्या शब्दांवरून शोधले जातात. तिथेही हा अर्ज मागे पडतो. समर्पित आणि मेहनती ही विशेषणे तर सगळ्याच अर्जांत असतात. शेवटच्या वाक्यात बाईंना काय हवे आहे ते कळते, कंपनीला काय मिळेल ते कळत नाही.

इथे बहुतेक जण पहिला उपाय करतात तो शब्द बदलण्याचा. विद्यार्थ्यांच्या जागी ‘लर्नर्स’, पालकांच्या जागी ‘स्टेकहोल्डर्स’, वर्गनियंत्रणाच्या जागी ‘टीम मॅनेजमेंट’. हा उपाय मला घातक वाटतो. ‘पन्नास जणांच्या टीमचे नेतृत्व’ असे लिहिले की मुलाखतीत विचारतात, त्यांचे वार्षिक मूल्यमापन तुम्ही करत होता का, कुणाला कामावरून कमी केले का. नववीचा वर्ग ही कर्मचाऱ्यांची टीम नाही, हे दोन मिनिटांत उघड होते आणि मग उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. बदलायचे असते ते पुराव्याचे स्वरूप. कंपनी ज्या प्रश्नाचे उत्तर शोधते आहे, ते उत्तर आपल्या शाळेतल्या कामात कुठे आहे ते शोधायचे.

तो प्रश्न काय, हे समजायला अमेरिकेतले डोनाल्ड कर्कपॅट्रिक उपयोगी पडतात. प्रशिक्षण यशस्वी झाले की नाही हे कसे ठरवायचे, यासाठी १९५९ साली त्यांनी मांडलेल्या चार पायऱ्या आजही प्रशिक्षण विभागांत रोजच्या बोलण्यात असतात. पहिली पायरी म्हणजे शिकणाऱ्याला सत्र कसे वाटले. दुसरी, तो खरोखर काही शिकला का. तिसरी, कामावर परतल्यावर त्याच्या वागण्यात बदल झाला का. चौथी, त्यामुळे संस्थेला काही फायदा झाला का. पहिली पायरी सोपी असते, सत्र संपल्यावर फीडबॅक फॉर्म भरून घेतला की झाले. दुसरीसाठी चाचणी लागते. तिसरी मोजायची तर काही आठवड्यांनी पुन्हा माणसांकडे जावे लागते, आणि पुष्कळ ठिकाणचे काम तिथेच थांबते.

आता बाईंच्या कपाटाकडे वळू. दुसऱ्या पायरीचा पुरावा तिथे भरपूर आहे, कारण शाळेचे सगळे वर्षच चाचण्यांभोवती फिरते. नववीच्या सुरुवातीला त्यांनी नैदानिक चाचणी घेतली होती. चौपन्न मुलांपैकी एकवीस जण बीजगणितात चुकत होते. बीजगणित शिकवले म्हणून ती चूक सुटली नसती. उत्तरपत्रिका ओळीओळीने पाहिल्यावर दिसले की समीकरण मांडणे बरोबर येते, घोटाळा होतो तो अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करताना. म्हणजे दुखणे नववीतले नव्हते, सहावीतले होते. बाईंनी सहा आठवडे फक्त त्या एकवीस जणांसाठी उपचारात्मक तास घेतले, पुन्हा चाचणी घेतली, आणि अडखळणारे सहा उरले.

कंपनीत या कामाला ट्रेनिंग नीड ॲनालिसिस म्हणतात: प्रशिक्षण नेमके कशाचे हवे ते आधी तपासणे. एखाद्या शाखेत विम्याचे अर्ज वारंवार चुकीचे भरले जातात, म्हणून व्यवस्थापक सगळ्यांना पॉलिसीच्या माहितीचे प्रशिक्षण द्यायला सांगतो. चांगला ट्रेनर आधी परत आलेले अर्ज पाहतो. कदाचित पॉलिसी सगळ्यांना पाठ असते आणि चूक होत असते ती वयाचा पुरावा जोडताना. उत्तरपत्रिकेत चुकीचे मूळ शोधणारी नजर इथे जशीच्या तशी कामी येते. माझ्या मते कसलेल्या शिक्षकाचे हे सर्वांत मोलाचे कौशल्य आहे, आणि ‘पाठनियोजनात कुशल’ या दोन शब्दांत ते पूर्ण झाकून जाते.

तरीही एक शंका उरतेच. मुलांना शिकवणे वेगळे आणि कामाच्या माणसांना शिकवणे वेगळे. ही शंका रास्त आहे. प्रौढांच्या शिक्षणाचा विचार मांडणाऱ्या माल्कम नोल्स यांचा मुद्दा असा होता की प्रौढ माणसाला आपण हे का शिकायचे ते आधी पटावे लागते, तो स्वतःचा अनुभव घेऊन बसलेला असतो आणि शिकलेले लगेच वापरता यावे अशी त्याची अपेक्षा असते. पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या शाखा अधिकाऱ्याला ‘हे परीक्षेला येणार आहे’ असे सांगून चालत नाही. शिवाय शाळेत वर्षभर हातात असते, कंपनीत अनेकदा दोन दिवस. पोर्शन पूर्ण करण्याची सवय तिथे अडचणीची ठरते. दोन दिवसांत काय गाळायचे हे ठरवता यावे लागते.

म्हणून समरीतले पहिले उदाहरण मुलांच्या वर्गातले नसावे. शिक्षकाने मोठ्या माणसांना कधी शिकवले, हे आधी शोधावे. शोधले की सापडतेच. केंद्राच्या शिक्षण परिषदेत घेतलेले सत्र असते, नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला वर्षभर दिलेली साथ असते, शाळेत नवी मूल्यमापन पद्धत आली तेव्हा सगळ्यांना समजावून सांगितलेली असते. आपल्या उदाहरणातल्या बाईंच्या बाबतीत तो प्रसंग २०२० सालचा आहे. शाळा बंद झाल्या आणि अठरा शिक्षकांना ऑनलाइन तास घ्यायला शिकवायची जबाबदारी त्यांच्यावर आली. काही जण निवृत्तीच्या जवळचे होते, दोघांना स्मार्टफोनचीच धास्ती होती. बाईंनी सगळ्यांची एकत्र सभा न घेता तीन गट केले, प्रत्येक गटाला पुढच्याच दिवशी घ्यायचा तास हातात दिला आणि महिनाभर त्यांच्या तासांना बसल्या. चौथ्या आठवड्यापर्यंत सोळा जण कुणाच्या मदतीशिवाय तास घेत होते.

शिकणारे प्रौढ, काम अनोळखी, वेळ अपुरा आणि माणसे सारखी नाहीत: इंडक्शनची परिस्थिती याहून फार वेगळी नसते. त्यातच सोळा हा आकडा तिसऱ्या पायरीवरचा आहे. सत्र आवडले असे तो सांगत नाही. माणसे काम करू लागली असे सांगतो. एवढा पुरावा हाताशी असताना मूळ समरीत त्याचा उल्लेखही नव्हता, कारण बाईंच्या लेखी ती ‘शाळेची कामे’ होती.

आता नवी समरी लिहिता येते:

‘नव्या कर्मचाऱ्यांच्या इंडक्शनसाठी प्रशिक्षक, माध्यमिक शाळेत ११ वर्षे गणित अध्यापन. २०२० मध्ये १८ सहकारी शिक्षकांना ऑनलाइन अध्यापनाचे प्रशिक्षण दिले. त्यांपैकी १६ जण चार आठवड्यांत स्वतंत्रपणे तास घेऊ लागले. चाचणीतून नेमकी अडचण शोधून त्यानुसार सत्रे आखते व परिणाम पुन्हा मोजते: अपूर्णांकांत अडखळणारे २१ विद्यार्थी सहा आठवड्यांत ६ वर आले. प्रगतीच्या नोंदी एक्सेलमध्ये ठेवते. मराठी, हिंदी व इंग्रजीतून सत्रे घेते.’

इंडक्शन, प्रशिक्षण, चाचणी, नोंदी हे जाहिरातीतले शब्द आपोआप आले आहेत. शाखा व्यवस्थापकांशी समन्वय मात्र आलेला नाही, आणि तो ओढूनताणून आणू नये. पालकसभेला समन्वय म्हणता येईल, पण विक्रीचे लक्ष्य डोक्यावर असलेल्या व्यवस्थापकाकडून माणसे दोन दिवस मोकळी करून घेणे ही वेगळीच कला आहे. चौथ्या पायरीबद्दलही इथे काही लिहिलेले नाही, कारण बाईंच्या कामातून शाळेचा आर्थिक फायदा किती झाला हे त्यांनी मोजलेले नाही. अंदाजाने टाकलेली टक्केवारी मुलाखतीत टिकत नाही.

समरी तपासायची माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून कुणाला तरी विचारायला सांगावे: हे कसे केले, कोणाला जमले नाही, त्यांचे पुढे काय झाले. उरलेल्या दोन शिक्षकांबद्दल बाईंना सांगता आले पाहिजे, आणि सहा मुलांबद्दलही. ज्या वाक्यावर पाच मिनिटे बोलता येत नाही ते काढून टाकावे. आकडे आठवणीतून लिहू नयेत, जुन्या निकालपत्रकांवरून आणि सभेच्या इतिवृत्तावरून पडताळून घ्यावेत. मात्र मुलांची नावे, गुणपत्रके किंवा शाळेचे कागद अर्जाला जोडू नयेत. ती माहिती आपली नसते, आणि ग्राहकांचे तपशील सांभाळणाऱ्या कंपनीला अशी सैल वागणूक लगेच खटकते.

रेझ्युमे शेवटी इंग्रजीत जाणार असला तरी हा मजकूर आधी मराठीत लिहून काढावा. मराठीत लिहिताना काय घडले ते सांगावे लागते, इंग्रजीतली तयार विशेषणे हाताशी नसतात. आणि ही समरी एकदाच लिहून भागत नाही. याच बाई उद्या प्रशिक्षणाचे साहित्य तयार करण्याच्या पदासाठी अर्ज करतील, तेव्हा अठरा सहकाऱ्यांचे वाक्य खाली जाईल आणि अपूर्णांकांचे वर येईल, त्या सहा आठवड्यांसाठी त्यांनी स्वतः तयार केलेल्या कृतिपत्रिकांच्या उल्लेखासह.