पन्नास टक्क्यांवर लॅपटॉप बंद का पडतो?

पडद्यावर ५० टक्के चार्ज दिसतोय आणि लॅपटॉप अचानक बंद. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला, आणि ओळखीतला कुणी जाणकार म्हणतो कॅलिब्रेट करून बघा. कुणाचं ऐकायचं हे ठरवण्याआधी लॅपटॉप बंद करून काचेच्या किंवा सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतो का? टचपॅड वर उचललाय किंवा क्लिक होत नाही? खालच्या झाकणाला कडेला फट पडलीय? यातलं एक जरी दिसलं, तरी कॅलिब्रेशनचा विषय तिथेच संपला.

आजच्या बहुतेक पातळ लॅपटॉपांत बॅटरीचे सेल अॅल्युमिनियमच्या मऊ पाकिटात बंद केलेले असतात. उष्णतेने आणि महिनोन्‌महिने १०० टक्क्यांवर राहिल्याने आतला द्रव विघटित होतो, त्याचा वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. फसवी गोष्ट अशी, की फुगलेली बॅटरी कधीकधी चांगले दोन-तीन तास चालते. टक्केवारी मोजणाऱ्या चिपला वायू दिसत नाही. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, दाबून बसवायची नाही, टोचून हवा काढण्याचा उद्योग तर मुळीच नाही. पाकीट फाटलं तर ती पेट घेऊ शकते.

फुगवटा नसेल, तर मग प्रश्न मोजणीचा आहे. बॅटरीतली चिप वाण्यासारखी वही ठेवते: किती आलं, किती गेलं. पोत्यात खरोखर किती उरलंय, ते ती रोज पाहत नाही. लॅपटॉप कायम चार्जरवर असेल किंवा ७० वरून ९० वर असा थोडाथोडाच चार्ज होत असेल, तर वहीतल्या बारीक चुका साठत जातात. कॅलिब्रेशन म्हणजे पोतं एकदा पूर्ण भरून, पूर्ण रिकामं करून वही जुळवणं. त्याने पोत्यात एक दाणाही वाढत नाही.

विंडोजमध्ये आधी वहीच वाचून घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये हे लिहा:

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेली फाइल ब्राउझरमध्ये उघडा. त्यात DESIGN CAPACITY म्हणजे नव्या बॅटरीची क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आज ती पूर्ण भरल्यावर किती धरते, याचा चिपने केलेला अंदाज. समजा पहिला आकडा ४१,००० आहे, दुसरा ३५,०००. कागदावर बॅटरी ८५ टक्के धडधाकट, तरी निम्म्यावर बंद पडते.

आता १०० टक्के चार्ज करा, तासभर तसाच राहू द्या आणि मग चार्जर काढून हलक्या कामावर चालवत ठेवा. कमी चार्जवर विंडोज स्वतःच झोपी जातं, त्यामुळे शेवटचा टप्पा बायोसचा पडदा उघडा ठेवून संपवलेला बरा. पूर्ण बंद पडल्यावर सलग १०० पर्यंत भरा आणि रिपोर्ट पुन्हा काढा.

आकडा ३४-३५ हजारांवरच राहिला आणि बॅटरी पन्नाशी ओलांडून सरळ खाली उतरली, तर वहीच चुकली होती. पैसे वाचले. पण आकडा कोसळून १८,००० झाला तर? आता लॅपटॉप ५ टक्क्यांपर्यंत चालेल आणि लोक म्हणतील, दुरुस्त झाला. प्रत्यक्षात आधी ३५,००० चे निम्मे, म्हणजे साडेसतरा हजारच मिळत होते. आजही तेवढेच मिळताहेत, फक्त टक्के खरे दिसताहेत. ४१,००० पैकी १८,००० उरलेली बॅटरी बदलायचीच.

तिसरी शक्यता सर्वांत जास्त चकवते. लेखन करताना लॅपटॉप पन्नाशी सहज ओलांडतो, पण व्हिडिओ कॉल किंवा गेम सुरू केला की बंद. पुन्हा चालू केला तर पडदा ४८ टक्के दाखवतो. इथे ऊर्जा आत आहे, पण जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलाय. भार वाढताच एका सेलचं व्होल्टेज ३ च्या आसपास कोसळतं आणि संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने बाकीचे दोन उत्तम असले तरी उपयोग नाही. असा रोध कॅलिब्रेशनने कमी होत नाही. ही बॅटरी घरात चार्जरवर चालवायची असेल तर तूर्त चालवा, पण फुगवट्यावर लक्ष ठेवून.

नवी घेताना लॅपटॉपचं मॉडेल सांगण्यावर थांबू नका. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या बॅटऱ्या येतात, म्हणून जुनीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवा. उत्पादनाची तारीखही बघा, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरीही झिजते. फुगलेली जुनी बॅटरी सर्व्हिस सेंटरवर किंवा ई-कचरा केंद्रावर द्या. तोवर ती फरशीवर, पडद्यांपासून आणि कागदांपासून दूर ठेवा. विमानात अशी बॅटरी नेता येत नाही.