कोळ्याने पाय कुठे ठेवायचा?

व्हिडिओ गेममध्ये दगडांच्या ढिगाऱ्यावरून वासराएवढा कोळी चालत येतो. पुढचा डावा पाय मोठ्या दगडावर टेकतो, त्यामागचा दोन दगडांमधल्या फटीत उतरतो, तिसरा उतारावर चाचपडत थांबतो. धड किंचित कलतं आणि पुन्हा सावरतं. पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी महिनाभर बसून हे एकेक पाऊल रेखाटलं असणार. प्रत्यक्षात या चालीचं एकही चित्र आधी काढलेलं नसतं. कोळ्याचा पाय कुठे पडणार हे गेम चालू असताना, त्या क्षणी ठरत असतं.

नेहमीची पद्धत याच्या उलट आहे. ॲनिमेटर चालण्याचं एक चक्र तयार करतो आणि पात्र पुढे सरकत असताना तेच चक्र पुन्हा पुन्हा वाजवलं जातं. सपाट जमिनीवर ते छान दिसतं. जमीन खडबडीत झाली की एक पाय दगडात घुसतो आणि दुसरा हवेत तरंगतो, कारण चक्र बनवताना तिथे दगड आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. दोन पायांच्या माणसाच्या बाबतीत हा दोष थोडाफार झाकता येतो. आठ पायांच्या आणि भिंतीवरही चढू शकणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत तो झाकता येत नाही. म्हणून इथे ‘प्रोसीजरल ॲनिमेशन’ वापरतात, म्हणजे हालचालीचं चित्र न देता हालचालीचे नियम द्यायचे. २००८ साली आलेल्या ‘स्पोर’ या गेममध्ये तर याला पर्यायच नव्हता. त्यात प्राणी खेळाडू स्वतः बनवत असे. त्याला किती पाय असतील आणि ते कुठे जोडलेले असतील, हे गेम बनवणाऱ्यांना आधी कळणं शक्यच नव्हतं.

कोळ्याच्या पायाला तीन प्रश्नांची उत्तरं लागतात: कुठे टेकायचं, कसं वाकायचं आणि कधी उचलायचं.

‘कुठे’चं उत्तर रेकास्ट देतो. अंधारात काठीने जमीन चाचपावी तसा हा प्रकार आहे. एका बिंदूपासून एका दिशेने अदृश्य किरण सोडायचा आणि तो पहिल्यांदा कशावर आदळला हे गेम इंजिनला विचारायचं. उत्तरात आदळल्याची नेमकी जागा मिळते आणि तिथला पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे हेही कळतं. प्रत्येक पायासाठी धडाच्या बाजूला एक ‘घरची जागा’ ठरवलेली असते. आपल्या कोळ्याचं धड जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच आहे आणि घरची जागा खुब्यापासून ९० सेंटिमीटर बाजूला आहे, असं धरू. त्या जागेच्या मीटरभर वरून किरण खाली सोडला की तो दगडाच्या माथ्यावर किंवा खड्ड्याच्या तळाशी आदळतो. पाय टेकायची जागा तीच.

काठी उंचावरून सोडण्यात एक गोम आहे. कोळी बुटक्या छताखाली शिरला, तर किरणाची सुरुवात छताच्या वर होते आणि कोळी खाली चालत असताना त्याचे पाय छतावर पडू लागतात. किरण दगडाच्या आतूनच सुरू झाला तर युनिटी इंजिनमध्ये तो त्या दगडाला ओळखतच नाही आणि आरपार खाली जातो. किरण कोळ्याच्या स्वतःच्याच शरीरावर आदळला तर पाय पाठीवर टेकायला निघतो. म्हणून किरणाने कोणत्या वस्तू मोजायच्या आणि कोणत्या सोडायच्या याची यादी इंजिनला द्यावी लागते. भिंत चढायची असेल तर एक किरण पुरत नाही. पुढे, खाली आणि आतल्या बाजूला असे पंख्यासारखे अनेक किरण सोडून त्यातला सोयीचा निवडतात.

जागा मिळाली, आता पाय तिथे पोचवायचा. खुबा इतका वळवला आणि गुडघा इतका वाकवला तर पाऊल कुठे येईल, हा सरळ हिशेब आहे. इथे तो उलटा करायचा असतो: पाऊल अमुक जागी हवं, तर सांधे किती वाकवायचे? याचंच नाव इन्व्हर्स किनेमॅटिक्स, बोलताना नुसतं ‘आयके’. खऱ्या कोळ्याच्या पायाला सात भाग असतात. गेममध्ये दोन-तीन हाडांवर भागतं. दोन हाडं असतील तर शाळेतल्या त्रिकोणमितीतला कोसाइनचा नियमच पुरतो.

आपल्या कोळ्याची मांडी ६० सेंटिमीटर आणि नडगी ८० सेंटिमीटर धरू. सपाट जमिनीवर पाऊल खुब्यापासून ९० सेंटिमीटर बाजूला आणि ५० सेंटिमीटर खाली आहे, म्हणजे सरळ रेषेत सुमारे १०३ सेंटिमीटर दूर. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू कळल्या की गुडघ्याचा कोन निघतो: जवळपास ९४ अंश. पाऊल ३० सेंटिमीटर उंच दगडावर पडलं तर अंतर ९२ होतं आणि गुडघा ८१ अंशांपर्यंत मिटतो. ४० सेंटिमीटर खोल खड्ड्यात पडलं तर अंतर १२७ होतं आणि गुडघा १३० अंशांपर्यंत उघडतो. हाच त्रिकोण आरशातल्यासारखा उलटाही बसू शकतो, म्हणून ‘गुडघा वरच्या बाजूला’ असं वेगळं सांगावं लागतं. तसं सांगितलं की सपाट जमिनीवर गुडघा सुमारे ७२ सेंटिमीटर उंचीवर येतो. तो खुब्याच्याही वर असल्यामुळेच प्राणी कोळ्यासारखा दिसतो.

तीन किंवा अधिक हाडांसाठी अँड्रियास अरिस्टिडू आणि जोन लेझनबी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘फॅब्रिक’ ही रीत लोकप्रिय आहे. तिच्यात कोन काढत बसत नाहीत. आधी शेवटचं टोक लक्ष्यावर ठेवून साखळी मागे खुब्यापर्यंत ओढायची. मग खुबा त्याच्या जागी परत आणून साखळी पुढे ओढायची. असं काही वेळा केलं की पाऊल लक्ष्यावर जाऊन बसतं.

या हिशेबाची मर्यादा मात्र कठोर आहे. दोन्ही हाडं सरळ केली तरी पाय १४० सेंटिमीटरच्या पुढे पोचत नाही. म्हणजे आपल्या कोळ्याला ५७ सेंटिमीटरपेक्षा खोल खड्ड्याचा तळ गाठताच येणार नाही. ती मर्यादा जवळ आली की दुसरी अडचण सुरू होते. पाय अर्धवट वाकलेला असताना पाऊल २ सेंटिमीटर दूर गेलं तर गुडघा अडीच अंशांनी उघडतो. पण १३८ वरून १४० पर्यंतच्या शेवटच्या २ सेंटिमीटरमध्ये तो जवळपास २० अंश उघडतो. पडद्यावर गुडघा ‘टक्’ करून झटका देतो तो यामुळेच. उपाय सोपा आहे: पाय १३० सेंटिमीटरच्या पुढे ताणायचाच नाही, त्याआधी पाऊल उचलायचं.

हा झाला तिसरा प्रश्न, आणि चालण्याचा सगळा रुबाब त्यातच आहे. टेकलेलं पाऊल जमिनीला खिळलेलं असतं. धड पुढे सरकतं तशी घरची जागाही सरकते आणि पाऊल मागे राहतं. दोन्हींमधलं अंतर ४० सेंटिमीटर झालं की पाय उचलायचा, हवेत कमान काढायची आणि नव्या जागी टेकायचा. हे पाऊल ०.१५ सेकंदात पुरं होतं, असं धरू.

नवशिक्याची चूक इथे होते. तो पाय उचलताना घरची जागा जिथे असते, तिथेच टेकवतो. कोळी सेकंदाला २ मीटर धावत असेल तर पाऊल हवेत असतानाच धड ३० सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. पाऊल टेकतं तेव्हा ते आधीच ३० सेंटिमीटर मागे असतं, आणखी १० सेंटिमीटर म्हणजे ०.०५ सेकंदात त्याला पुन्हा उचलावं लागतं. पाय तीन चतुर्थांश वेळ हवेतच, आणि सगळे पाय मागे फरफटत आल्यासारखे दिसतात. म्हणून धडाच्या वेगाचा अंदाज घेऊन किरण पुढच्या जागी सोडायचा. तो ६० सेंटिमीटर पुढे सोडला तर पाऊल टेकतं तेव्हा ते घरच्या जागेच्या ३० सेंटिमीटर पुढे असतं. तिथून ४० मागे पडेपर्यंत ७० सेंटिमीटरचा प्रवास, म्हणजे ०.३५ सेकंद पाय जमिनीवर ठाम राहतो.

आठही पाय एकाच वेळी उचलले गेले तर कोळी उड्या मारतोय असं वाटतं. इथे निसर्गाचीच नक्कल करतात. चालताना अनेक कोळी साधारणपणे चार-चार पायांच्या दोन गटांत पाय टाकतात. डावीकडचा पहिला आणि तिसरा, उजवीकडचा दुसरा आणि चौथा हा एक गट. उरलेले चार दुसऱ्या गटात. नियम एकच: एका गटाचा पाय हवेत असेल तोवर दुसऱ्या गटाने हलायचं नाही.

आता राहिलं धड. पाय दगडांवर चढ-उतार करताहेत आणि धड मात्र रुळावरच्या डब्यासारखं सरळ चाललंय, असं झालं की सारा बनाव उघडा पडतो. म्हणून धडाची उंची आठही पावलांच्या सरासरी उंचीवरून काढतात. डाव्या-उजव्या आणि पुढच्या-मागच्या पावलांच्या उंचीतल्या फरकावरून त्याचा कल ठरवतात. पण यात एक फेरा आहे. पावलं किरणांवर अवलंबून, किरण धडावर आणि धड पुन्हा पावलांवर. धड दर फ्रेमला थेट नव्या जागी नेलं तर या फेऱ्यामुळे कोळी उभ्या जागी थरथरू लागतो. त्याऐवजी दर फ्रेमला फरकाचा थोडासाच भाग पुरा केला की थरथर थांबते आणि धडाला वजन असल्यासारखं वाटतं.

ही रीत सगळीकडे चालत नाही. झेप घेणं, दबा धरणं, चिडून पुढचे पाय उगारणं या गोष्टींत भाव असतो आणि तो ॲनिमेटरलाच काढावा लागतो. गेममध्ये म्हणूनच बहुधा दोन्हींची सांगड घातलेली दिसते.

पुढच्या वेळी पडद्यावर असा कोळी दिसला तर त्याचे गुडघे किंवा डोळे पाहू नका, एकाच पावलाचं टोक पाहा. धड पुढे जात असताना ते टोक जमिनीवर तसूभरही घसरलं नाही आणि पाय ताणला जाण्याआधी उचलला गेला, तर काम नीट झालं आहे.